बिलिरुबिन वाढलेले, एन्झाइम्स मात्र सामान्य: गिल्बर्ट ओळखताना या चुका टाळा

समजा, २२ वर्षांच्या एका तरुणाची नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी झाली आणि अहवालात एकूण बिलिरुबिन २.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर आले, जे साधारण १.२ च्या आत असायला हवे. त्याला कोणताही त्रास नाही. फार तर डोळ्यांचा पांढरा भाग किंचित पिवळसर दिसतो, असे घरच्यांनी एकदोनदा म्हटले आहे. त्याच अहवालात यकृताची एन्झाइम्स म्हणजे एसजीपीटी २४, एसजीओटी २२, अल्कलाइन फॉस्फटेज ७८, आणि रक्तातील प्रथिन अल्ब्युमिन ४.५ आहे, म्हणजे बाकी सारे मर्यादेत आहे. अशा चित्रामागे बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम असतो, म्हणजे यकृताला इजा न होता बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य रक्तात थोडे वाढलेले राहण्याची जन्मजात, निरुपद्रवी अवस्था. तरीही एका लाल आकड्यावरून ‘कावीळ झाली’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तिथूनच चुकांची मालिका सुरू होते.

पहिली चूक: फक्त एकूण आकडा वाचणे

एकूण बिलिरुबिन ही दोन भागांची बेरीज असते. तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा त्यांतील हिमोग्लोबिनपासून जे बिलिरुबिन तयार होते ते पाण्यात विरघळत नाही. ते अल्ब्युमिनला चिकटून यकृतापर्यंत येते. त्याला इनडायरेक्ट म्हणतात. यकृतातील यूजीटी१ए१ हे एन्झाइम त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडते आणि मगच ते पित्तातून बाहेर पडण्याजोगे होते; हा भाग डायरेक्ट. प्रयोगशाळा बहुधा एकूण आणि डायरेक्ट मोजते व इनडायरेक्ट वजाबाकीने काढते.

आपल्या तरुणाचे डायरेक्ट ०.४ आहे. म्हणजे इनडायरेक्ट २.२ झाले आणि डायरेक्टचा वाटा एकूण बिलिरुबिनाच्या सुमारे १५ टक्के. गिल्बर्टमध्ये हा वाटा सहसा २० टक्क्यांच्या आत राहतो. मात्र एकूण आकडा सामान्यपेक्षा थोडाच जास्त असेल, तर टक्केवारी फसवते: एकूण १.३ आणि डायरेक्ट ०.३ असेल तर वाटा २३ टक्के येतो, पण ०.३ हा आकडा स्वतः निरुपद्रवी आहे. तेव्हा टक्क्यांबरोबर मूळ आकडाही पाहावा.

लघवीच्या तपासणीचा अर्थही इथेच लागतो. इनडायरेक्ट बिलिरुबिन अल्ब्युमिनला बांधलेले असल्याने मूत्रपिंडातून गाळले जात नाही, म्हणून गिल्बर्टमध्ये लघवीत बिलिरुबिन सापडत नाही. लघवीच्या तपासणीत ते आढळले, अंगाला खाज सुटली किंवा शौच फिकट झाले, तर हे गिल्बर्टचे चित्र नव्हे. तेव्हा पित्तमार्ग आणि यकृत यांचा शोध घ्यावा लागतो.

दुसरी चूक: उपाशीपोटी पुन्हा पुन्हा तपासणे

गिल्बर्टमध्ये बहुतेकांच्या यूजीटी१ए१ जनुकाच्या आरंभाजवळच्या भागात ‘टीए’ ही जोडी सहाऐवजी सात वेळा येते. दोन्ही प्रतींत असे असले की एन्झाइमचे काम सामान्याच्या सुमारे ३० टक्क्यांवर येते. रोजच्या बिलिरुबिनासाठी ते बहुतांशी पुरते, ताण वाढला की पुरत नाही. उपवास, शरीरातील पाण्याची कमतरता, ताप, कठोर व्यायाम, जागरण या साऱ्यांनी आकडा चढतो. उपवासाचा परिणाम इतका ठळक आहे की पूर्वी दोन दिवस रोज केवळ ४०० कॅलरी देऊन बिलिरुबिन वाढते का, हे पाहून निदान केले जाई. आज त्याची गरज नाही.

आपला तरुण त्या तपासणीसाठी आदल्या संध्याकाळपासून उपाशी होता आणि पहाटे धावण्याची चाचणीही देऊन आला होता. घाबरून त्याने चार दिवसांनी पुन्हा उपाशीपोटीच रक्त दिले आणि आकडा २.९ आला, तेव्हा ‘वाढत चालले आहे’ असे म्हटले गेले. प्रत्यक्षात तब्येत ठीक असताना, नेहमीचे जेवण करून आणि आदल्या दिवशी जोरकस व्यायाम टाळून दोन आठवड्यांनी तपासणी केली तेव्हा तो १.६ होता. चढउतार हाच या अवस्थेचा स्वभाव आहे. एकदा वाढला म्हणून रोग बळावला असे नाही आणि एकदा सामान्य आला म्हणून तो बरा झाला असेही नाही.

तिसरी चूक: रक्ताकडे न पाहता ‘गिल्बर्ट’ म्हणून मोकळे होणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण ती धीर देणारी वाटते. एन्झाइम्स सामान्य आणि इनडायरेक्ट वाढलेले, हे चित्र तांबड्या पेशी अवेळी मोडत असतानाही दिसते. हिमोग्लोबिन सामान्य आहे म्हणून ते नाकारता येत नाही, कारण मज्जा जास्त पेशी बनवून नुकसान भरून काढू शकते. म्हणून संपूर्ण रक्तगणनेबरोबर रेटिक्युलोसाइट्स, म्हणजे मज्जेतून नुकत्याच आलेल्या तांबड्या पेशी, आणि रक्ताची स्लाइड पाहिलीच पाहिजे. आपल्या तरुणाचे हिमोग्लोबिन १४.८, रेटिक्युलोसाइट्स १.१ टक्के, स्लाइड सामान्य आणि पेशी मोडल्या की वाढणारे एलडीएच मर्यादेत होते. रेटिक्युलोसाइट्स ४ टक्के असते आणि स्लाइडवर गोलसर, मध्यभागी फिकटपणा नसलेल्या पेशी दिसल्या असत्या, तर आनुवंशिक स्फेरोसायटोसिसचा विचार आधी करावा लागला असता. घरात कमी वयात पित्ताशयातील खडे किंवा प्लीहा काढल्याचा इतिहास असेल, तर हा संशय बळावतो. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्याला एखाद्या औषधानंतर अचानक कावीळ व गडद लघवी होते, मधल्या काळात मात्र सारे ठीक दिसते. म्हणून ‘अशी लघवी कधी झाली होती का’ हा प्रश्न विचारावा. हे दोष आणि गिल्बर्ट एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि तेव्हा बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा अधिक वाढते.

रक्त ठीक, यकृताच्या इतर चाचण्या ठीक आणि काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा तोच नमुना, एवढ्यावर निदान पक्के होते. जनुकीय चाचणी बहुतेकांना लागत नाही आणि यकृताचा तुकडा काढून तपासण्याचे कारणच उरत नाही.

चौथी चूक: उपचार सुरू करणे

गिल्बर्टमध्ये यकृताच्या पेशींना इजा झालेली नसते, तेव्हा यकृतरक्षक गोळ्या, तेलतूप बंद करणे किंवा काविळीचे काढे यांनी काहीच साधत नाही. उलट काही वनस्पतिजन्य औषधे यकृतालाच इजा करतात आणि सामान्य असलेली एसजीपीटी त्यांनी खरोखर वाढते. पथ्य म्हणून अर्धपोटी राहणे तर सरळ उलटे काम करते.

औषधांची सावधगिरी मात्र दोन ठिकाणी खरी आहे. आतड्याच्या कर्करोगात दिले जाणारे इरिनोटेकॅन याच एन्झाइमने निकामी होते, त्यामुळे अशा व्यक्तीत पांढऱ्या पेशी घटणे आणि तीव्र जुलाब यांचा धोका वाढतो; एचआयव्हीवरील अटाझानावीर याच एन्झाइमला रोखते आणि डोळे स्पष्ट पिवळे होतात. म्हणून निदानाची नोंद स्वतःजवळ ठेवून कर्करोगाच्या किंवा एचआयव्हीच्या उपचारांपूर्वी ती डॉक्टरांना दाखवावी.

निदान झाल्यावर दरवर्षी बिलिरुबिन मोजत बसण्याची गरज नाही. मात्र एकूण आकडा ४ ते ५ च्या पुढे गेला, डायरेक्ट वाढले, एसजीपीटी किंवा अल्कलाइन फॉस्फटेज चढले, हिमोग्लोबिन उतरले किंवा लघवी गडद झाली, तर जुन्या निदानावर विसंबून न राहता तपास पुन्हा सुरुवातीपासून करावा, कारण गिल्बर्ट असलेल्या माणसालाही हिपॅटायटिस होऊ शकतो.