दीड तास मागे असलेल्या माणसासाठी सहा पुड्या

माझा नवरा दुबईत एका वर्कशॉपमध्ये आहे, मी मालवणात. पहिल्या वर्षी मी त्याच्या वाढदिवसाला घड्याळ पाठवलं होतं. त्याने फोटो पाठवला, ‘छान आहे’ म्हणाला, आणि विषय तिथेच संपला. आता मी वस्तू पाठवत नाही. सहा रविवार पुरतील अशा सहा पुड्या पाठवते आणि त्यातलं अर्धं सामान घरी ठेवते. त्याने तिकडे पुडी सोडायची, त्याच मिनिटाला मी इकडे. मागच्या खेपेला सगळं मिळून साडेचारशे रुपयांत झालं.

आधी वेळ ठरवा, सामान नंतर. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर कतार, कुवेत आणि सौदी अडीच तास मागे. आखातात उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे एकदा केलेला हिशेब वर्षभर चालतो. रोज रात्रीची वेळ ठरवू नका. तो साडेसातला खोलीवर पोचतो तेव्हा आपल्याकडे नऊ झालेले असतात. त्याने आंघोळ, जेवण उरकेपर्यंत इथे डोळे मिटायला लागतात. आम्ही रविवारचे पाच धरले, म्हणजे त्याचे साडेतीन. तुमचं माणूस उघड्यावर काम करत असेल तर आणखी एक वेळ मिळते. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवावं लागतं. आपल्याकडे तेव्हा दोन ते साडेचार वाजलेले असतात, म्हणजे भांडी आवरून ओटीवर बसायची वेळ. प्रत्येक पुडीवर दोन्ही वेळा लिहा. पहिल्या रविवारी आम्ही दीड तास उलट्या बाजूला मोजला होता आणि मी संध्याकाळी उगाच रुसून बसले होते.

माझ्या पुड्यांत जातं ते असं. पाव किलो मालवणी खाजा ऐंशीचा, पाव किलो आमसुलं शंभरची, पाव किलो आंबापोळी दीडशेची, सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेले दोन लाकडी भोवरे शंभरचे, आणि कागद, दोरा, मेणबत्ती वीसची. लवकर बिघडणारं आधी संपवायचं, म्हणून पहिली पुडी खाजाची. त्याच्या खोलीत चौघे राहतात, तेव्हा खाजाची वाटणी निम्मी-निम्मी करू नका, त्याच्या पुडीत जास्त घाला. नाहीतर तुमच्या माणसाच्या वाट्याला गुळाचा चुरा येतो.

पावसाळ्यात खाजा दोन दिवसांत सादळतो, म्हणून पिशवी नीट बंद करणं हेच यातलं खरं काम. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतली हवा हाताने दाबून काढा. तोंडाशी हॅकसॉचं जुनं पातं आडवं धरा, पिशवीची कड पात्याच्या बाहेर गव्हाच्या दाण्याएवढी राहू द्या आणि ती कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून सरळ रेषेत न थांबता न्या. हात थांबला की भोक पडतं, फार भरभर गेला की चिकटत नाही. थंड झाल्यावर पिशवी दाबून कानाशी धरा. फुस्स आवाज आला तर पुन्हा करा.

दुसरी आणि चौथी पुडी आमसुलांची. त्याच्या खोलीत खोबरं वाटायची सोय नाही, म्हणून सोलकढीचा हट्ट मी सोडला. कपभर कढत पाण्यात पाच आमसुलं, चिमूटभर जिरं, मीठ आणि गुळाचा खडा घालून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. दोघांनीही एकाच वेळी झाकायचं आणि एकाच वेळी उघडायचं. ती दहा मिनिटं बोलायला मिळतात, आणि हात रिकामे असल्यामुळे माणूस खरंच बोलतो. तिसऱ्या पुडीत आंबापोळी. एकच तुकडा कात्रीने वाकडातिकडा कापून अर्धा तिकडे पाठवायचा. पाचवीत भोवरा. कोणाचा किती सेकंद फिरला ते ज्याने-त्याने मोजून सांगायचं. नवरा खोटं बोलतो, एवढं मी तुम्हाला सांगून ठेवते.

आता आवाज. अमिरातीत साध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, त्यासाठी तिथे चालणारं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. आवाजाचे मेसेज मात्र जातात. मी प्रत्येक पुडीच्या नावाने चाळीस सेकंदांचा आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवते आणि पाच वाजता पाठवते. चिवल्याच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तर समुद्र ऐकूच आला नाही, नुसता वारा फरफरत होता. वाऱ्याकडे पाठ करा, फोन पोटाशी धरा आणि माइकवर पदराचा एक पदर येऊ द्या. लाट फुटल्यावर वाळूतून पाणी मागे जातं, तो आवाज येतो का ते तिथेच ऐकून बघा. तो येत नसेल तर घरी गेल्यावरही येणार नाही.

पुड्या पोस्टाने पाठवण्यापेक्षा सुट्टीवर आलेल्या कोणाबरोबर तरी देण्याची आपल्याकडची रीत स्वस्त पडते. त्या माणसाला मात्र अडचणीत आणू नका. कस्टममध्ये जाब त्याला द्यावा लागतो, तुम्हाला नाही. बाहेरच्या पिशवीचं तोंड शिवू नका. आत काय आहे ते त्याच्यासमोर दाखवा, चिठ्ठीवर लिहून द्या आणि सगळं किलोच्या आत ठेवा. खसखस अजिबात नको, कारण अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात. इथेच घरच्या मालवणी मसाल्याचा घात होतो. पुष्कळ घरांत मसाल्यात खसखस भाजून घालतात आणि वाटल्यावर ती दिसत नाही. अनारशांवर तर ती वरूनच लावलेली असते. मसाला कोणी केला, कशाचा केला हे ठाऊक नसेल तर देऊच नका. पातळ काहीही नको. मी एकदा कोकमाच्या आगळाची बाटली दिली होती, घट्ट झाकण लावून, वर पिशवी गुंडाळून. शेजारच्या मुलाचे तीन पांढरे शर्ट तांबडे झाले. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरावरून जाताना तो थांबला नाही.

ओव्हरटाइम लागला तर पुडी एकट्याने फोडायची नाही, पुढच्या रविवारी ढकलायची. आमच्या सहा पुड्या म्हणून आठ-नऊ आठवडे चालतात. माणूस जहाजावर असेल तर रविवार आणि पाच वाजता हे दोन्ही सोडा. तिथलं घड्याळ प्रवासात मागेपुढे होत राहतं आणि नेटही रोज मिळत नाही. पुड्यांवर नुसते आकडे घाला, ‘बंदराला लागल्यावर’ एवढंच लिहा.

सहाव्या पुडीत मी काही घालत नाही. कोरा कागद आणि सुटा दोरा असतो. त्यात तिकडचं काही बांधून त्याने येणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवायचं, दुकानातून विकत न घेता. गेल्या खेपेला त्यात कागदाचा कप आला, चेपून सपाट केलेला. तळाशी चहाचा तपकिरी गोल डाग होता आणि कडेला पेनने लिहिलं होतं, ‘रविवार, साडेतीन, तू फोन उचलला नाहीस तेव्हाचा.’