काळ्या मातीतला डीआय पाईप: साईटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकच्या आसपास चर खणला की बऱ्याच ठिकाणी वर काळी माती आणि खाली मुरूम लागतो. परत भरताना दोन्ही मिसळतात आणि डीआय म्हणजे डक्टाइल आयर्न या ओतीव लोखंडाच्या पाईपला कुठे ओली चिकट माती टेकते, तर कुठे हवा खेळती असलेला मुरूम. हवा कमी मिळते ती बाजू गंजते, म्हणून गंजाचे खड्डे बहुधा पाईपच्या पोटाशी सापडतात.

आधी मातीचा विद्युतरोध मोजा. चार सळ्या दीड-दीड मीटरवर एका रेषेत ठोकल्या आणि मीटरने १.२ ओहम दाखवले, तर २ × ३.१४ × १.५ × १.२ म्हणजे साधारण ११ ओहम-मीटर. १५ च्या खाली आकडा आला की जमीन गंजवणारी समजायची. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या जमिनीत आकडा उगाच चांगला येतो. तोच जुलैत ओल्या मातीत घ्या.

३०० मिमी पाईपचा बाहेरचा व्यास ३२६ मिमी. त्याच्यावर जस्ताचा थर असतो. चौरस मीटरला १३० ग्रॅम जस्त धरलं, तर साडेपाच मीटरच्या एका नळावर जेमतेम पाऊण किलो जस्त असतं. लोखंडाच्या आधी झिजायचं काम त्याचं, वरचा काळा बिटुमेन फक्त त्याची झीज आटोक्यात ठेवतो. जेसीबीच्या दातानं ५ मिमीपेक्षा रुंद पट्टा उघडा पडला असेल, तर ब्रशने साफ करून जस्तयुक्त रंग लावा आणि तो वाळल्यावर बिटुमेन. नुसता काळा रंग फासला की पाईप छान दिसतो, पण तिथलं जस्त गेलेलंच राहतं.

अशा मातीत वर पॉलिथिनची बाही चढवायची, किमान २०० मायक्रॉनची. नळ साडेपाच मीटर, तर बाही ६.१ मीटर कापा, म्हणजे सांध्यावर दोन्हीकडून ३०० मिमी चढते. जास्तीची घडी वर घेऊन टेप लावा. खरी चूक आत होते: चढवताना पाईपवर मातीचं ढेकूळ चिकटलेलं राहिलं, तर ओल तिथेच अडकते. आधी कोरड्या फडक्यानं पुसा. फाटलेल्या जागी टेप मारल्याशिवाय माती टाकू नका.

आतल्या सिमेंट अस्तराला उन्हात केसासारख्या भेगा पडतात, त्यावरून पाईप परत पाठवायची गरज नाही. पाणी भरलं की अस्तर फुगतं, भेगांत चुना साचून त्या बुजतात. अस्तराच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, तो लोखंडाला गंजू देत नाही. मात्र हलक्या हातोडीनं ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तेवढा भाग काढा, कड ओली करा, सिमेंट-वाळूचा घट्ट माल दाबून भरा आणि ओलं गोणपाट टाकून ठेवा. पोकळी बहुधा स्पिगॉटच्या, म्हणजे पुढच्या पाईपच्या तोंडात शिरणाऱ्या सरळ टोकाशी सापडते, कारण उचलताना आत हूक अडकवलेला असतो. पाईप बाहेरून, रुंद पट्ट्यानेच उचला.