अकाउंट्सचा माणूस घेताना मार्क कसे द्यायचे, इंटरव्ह्यूच्या आधीपासूनची तयारी

धरून चला की एका छोट्या इंजिनीअरिंग युनिटला अकाउंट्स असिस्टंट हवाय. इंटरव्ह्यूला मालक, सीनियर अकाउंटंट आणि एचआरवाली असे तिघं बसणार. अशा ठिकाणी नेहमी काय होतं, तर उमेदवार दाराबाहेर पडला की मालक म्हणतो "पोरगा चांगला वाटला" आणि उरलेले दोघं मग त्या वाक्याला धरूनच मार्क टाकतात. हे होऊ नये म्हणून काय काय तयार ठेवायचं ते सांगतो, आणि यातलं बरंचसं काम पहिला उमेदवार यायच्या आधीच उरकलेलं पाहिजे.

सगळ्यात आधी कशाकशाला मार्क द्यायचे ते ठरवा, आणि तीन-चारच ठेवा. दहा मुद्द्यांचा तक्ता बनवला तर पाचव्या मुद्द्यापासून सगळे अंदाजपंचे भरतात. आपल्या केसमध्ये तीन बास: खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी, म्हणजे माल देणाऱ्या पार्टींनी भरलेल्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या यादीशी जुळवता येतात का, चूक सापडली तर काय करतो, आणि पार्टीशी फोनवर नीट बोलतो का. "पर्सनॅलिटी", "अॅटिट्यूड", "कल्चर फिट" असले रकाने ठेवूच नका, कारण तिथे आवडनिवडच मार्कांचा वेष घालून बसते. वजनही आत्ताच लिहून टाका. जुळवणीला तीन, चुकीला दोन, बोलण्याला एक. उमेदवार बघून झाल्यावर वजन ठरवायला बसलात तर जो आवडलाय त्याच्या बाजूने ते आपोआप सरकतं.

मग प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न, सगळ्यांना तोच आणि त्याच क्रमाने. जुळवणीसाठी असा विचारा: "एका पार्टीचं बिल आपल्या टॅलीत आहे, माल पण आलाय, पण २बी मध्ये दिसत नाही. आज महिन्याची १६ तारीख आहे. काय करशील?" आता खरी मेहनत इथे आहे, या प्रश्नाचं उत्तर कसं आलं तर किती मार्क, ते आधी शब्दांत लिहायचं. १ म्हणजे "बिल आहे ना हातात, मग भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेऊन टाकायचं" असं म्हणतो. ३ म्हणजे २बी मध्ये नाही तर या महिन्याच्या ३बी रिटर्नमध्ये क्रेडिट घेता येणार नाही हे त्याला माहितीये आणि बिल बाजूला ठेवतो. ५ म्हणजे तो पुढे जाऊन सांगतो की पार्टीने ११ तारखेपर्यंत विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ भरलं नसेल किंवा आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकला असेल, ती तिमाही रिटर्न भरणारी असेल तर बिल उशिरा दिसेल, मी फोन करून विचारेन आणि अशा बिलांची वेगळी यादी ठेवून पुढच्या महिन्यात परत बघेन. २ आणि ४ हे मधले, त्यांचं वर्णन लिहिलं नाही तरी चालतं. १, ३, ५ ची वाक्यं लिहिणारा माणूस मात्र ते काम रोज करणारा हवा, म्हणजे सीनियर अकाउंटंट. एचआरवालीने इंटरनेटवरून उचललेली वाक्यं इथे उपयोगाची नाहीत.

शीट प्रत्येकाची वेगळी छापा. आकड्याशेजारी एक मोठी मोकळी जागा हवी, तिथे उमेदवार जे बोलला ते शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहायचं. "कॉन्फिडंट वाटला" हा पुरावा नव्हे हां, "बिल बाजूला ठेवून पार्टीला फोन करीन म्हणाला" हा पुरावा. आणि दोन उमेदवारांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं रिकामी ठेवा. संध्याकाळी सगळ्यांचे मार्क एकदम टाकायला बसलं की तिसरा आणि चौथा डोक्यात एकत्र होतात, शिवाय एखाद्या फारच कच्च्या उमेदवारानंतर आलेला साधा माणूसही उगाच हुशार वाटायला लागतो.

त्या दहा मिनिटांत तिघांनी गप्प बसून आपापली शीट भरायची, एकेक मुद्दा घेऊन, आणि मार्क पेनने टाकून सही करायची. तोपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, "हं, बरा होता" पण नाही. मालकाने तर नाहीच नाही. भरलेल्या शीटवर एका मुद्द्यापासून दुसऱ्यापर्यंत ४, ४, ४ अशी सरळ रांग दिसली तर थांबा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्येच दाखवलं होतं की लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा वेगवेगळ्या गुणांचे मार्क देतात तेव्हा ते मार्क एकमेकांना नको तितके चिकटलेले असतात, म्हणजे एकूण मत आधी होतं आणि आकडे त्याच्या मागून येतात. अशी शीट परत द्या आणि प्रत्येक आकड्यासमोरचा पुरावा मागा.

आता चर्चा. समजा पहिला उमेदवार फाडफाड बोलणारा, जुळवणीत मालकाने त्याला ४ दिले आणि सीनियरने २. सरासरी काढून ३ लिहून मोकळं व्हायचं नाही. दोन किंवा जास्त मार्कांचा फरक असेल तर दोघांनी आपला पुरावा वाचून दाखवायचा. मालकाच्या शीटवर "सगळी माहिती आहे, न अडखळता बोलला" आणि सीनियरच्या शीटवर "आधी क्रेडिट घेईन म्हणाला, पुन्हा विचारल्यावर २बी आठवलं". लिहून ठेवलेल्या वाक्यांशी ताडलं तर २ च बसतात, मग मालकाने आकडा खोडून कारण लिहून २ करायचा. आणि बोलायची सुरुवात पदाने सगळ्यात लहान असलेल्याने करायची, नाहीतर एचआरवाली शेवटी फक्त मान डोलावणार.

हिशोब असा. पहिल्याला जुळवणीत २, चुकीला ३, बोलण्यात ५, म्हणजे वजन धरून ६ + ६ + ५, एकूण १७. दुसरी मुलगी हळू बोलणारी, अडखळणारी, तिला ५, ४, २, म्हणजे १५ + ८ + २, एकूण २५. तीसपैकी. खोलीतून बाहेर पडताना पहिलाच सगळ्यांच्या डोक्यात होता हे विसरू नका. अजून एक नियम आधीच लिहून ठेवा, जुळवणीत ३ पेक्षा कमी असेल तर बाकी बेरीज कितीही होवो, बाद. नाहीतर गोड बोलणं दुसरीकडची उणीव भरून काढतं. उलट दोघांत एक-दोन मार्कांचाच फरक असेल तर त्या फरकाला काही अर्थ नाही, आकडा मोठा म्हणून निवडू नका. दोघांना खरीच वीस बिलं आणि २बीची शीट द्या (पार्टीची नावं काढून) आणि अर्धा तास बसवा.

मनाला वाटतं त्याचं काय? त्याला जागा द्या, पण सगळ्यात शेवटी. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांनी १९५० च्या दशकात इस्रायली लष्करासाठी इंटरव्ह्यूची पद्धत बनवली, त्यात सहा गुणांचे मार्क वेगवेगळे देऊन झाल्यावरच डोळे मिटून एक एकूण आकडा द्यायचा असं होतं, आणि त्या शिस्तीनंतर आलेला तो आकडाही उपयोगी निघाला. तुमच्या शीटवर खाली एक ओळ ठेवा, बेरजेत न धरलेली. तिथे "काहीतरी खटकलं" असं आलं तर काय खटकलं ते लिहायला लावा. "आधीची नोकरी का सोडली ते दोनदा वेगवेगळं सांगितलं" असं निघालं तर आधीच्या ऑफिसात फोन करून विचारता येतं. काहीच लिहिता आलं नाही तर बेरीज आहे तशीच राहते.

शीट फेकू नका, नाकारलेल्यांच्या पण. घेतलेल्या माणसाचं सहा महिन्यांनी बघा, महिनाअखेरीला किती बिलं न जुळता पडून राहतात आणि जुळवणीत तेव्हा किती मार्क दिले होते. नाकारलेले कसे निघाले असते ते यातून कधीच कळणार नाही, पण ५ मिळवलेल्या माणसाची बिलं तशीच लोळत असतील तर प्रश्न किंवा ती तीन वाक्यं बदलायला झालीत.