मधला ब्रेस: चारपट की आठपट?

दोन्ही टोकांना पिन असलेला कॉलम, उंची L, आणि बरोबर मध्यावर एक आडवा ब्रेस. बकलिंग लोड किती पट वाढला? चारपट. गेटची तयारी करणारा कुणीही हे झोपेतसुद्धा सांगेल. इफेक्टिव्ह लेंग्थ अर्धी, वर्ग घेतला की चार, पुढचा प्रश्न. मुलाखतीत मात्र या उत्तरानंतर “का?” असं विचारलं की चांगले चांगले गडबडतात, म्हणून हे लिहितोय. मीही याच “का?”वर बराच काळ अडखळत होतो.

सापळा असा आहे. कॉलमचा मधला बिंदू हलत नाही, म्हणजे तिथे आधार आला. कॉलम दोन्ही बाजूंना सारखाच आहे, म्हणजे मध्यावर उतार शून्य असणार. मग प्रत्येक अर्धा भाग एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला फिक्स्ड झाला. त्याची इफेक्टिव्ह लेंग्थ त्या अर्ध्या भागाच्या 0.7 पट, म्हणजे पूर्ण कॉलमच्या 0.35 पट. वर्ग करून उलटा केला की उत्तर आठपटीच्या थोडं वर जातं. हा विचार मूर्खपणाचा अजिबात नाही. सिमेट्रीचा आधार घ्यायला आपल्याला शिकवलेलंच असतं आणि बीमच्या गणितात तो चालतोही. बकलिंगमध्ये तो दगा देतो, कारण कॉलम सिमेट्रिक असला तरी त्याने सिमेट्रिकच वाकावं अशी कुणाची सक्ती नसते.

हे एकदा हाताने सोडवून बघा, दहा ओळींचं काम आहे. ब्रेसची प्रतिक्रिया R धरा. टोकांना प्रत्येकी R/2 येईल. खालच्या अर्ध्या भागासाठी समीकरण लिहिलं की y = A sin kx + Bx असं उत्तर येतं. इथे k² = P/EI, आणि B हा R च्या प्रमाणात असतो. आता मध्यावर y शून्य हवा. इथून दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेत B = 0, म्हणजे R = 0, आणि sin(kL/2) = 0. त्यातून P = 4π²EI/L², म्हणजे चारपट. दुसऱ्या वाटेत मध्यावर उतारही शून्य धरायचा. मग tan(kL/2) = kL/2 येतं, kL/2 = 4.493, आणि P = 80.8EI/L², म्हणजे 8.18 पट. दोन्ही उत्तरं गणिताने खरी आहेत. पण भार शून्यापासून वाढवत नेला तर कॉलमला आधी चारपटीचा दरवाजा लागतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. आठपटीपर्यंत पोचायची त्याला संधीच मिळत नाही.

चारपटीच्या वाटेत कॉलमचा आकार इंग्रजी एससारखा होतो. वरचा भाग एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला. मध्यावर सरक शून्य, बेंडिंग मोमेंट शून्य, आणि उतार मात्र सगळ्यात जास्त. मधला बिंदू जागेवर राहतो पण फिरतो. ब्रेस त्याला सरकू देत नाही, फिरू देतो, हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पटत नसेल तर प्लॅस्टिकची 30 सेंटिमीटरची पट्टी घ्या. टेबलावर उभी धरून वरून दाबा, एकच कमान येईल. आता मित्राला मध्यावर दोन्ही बाजूंनी दोन गोल पेन्सिली अलगद टेकवून धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. जोर बराच जास्त लागेल आणि एस दिसेल. पेन्सिलींच्या जागी पट्टी मध्यावर एखाद्या पक्क्या शिकंजात आवळली तर उतारही अडतो आणि तेव्हा खरोखर आठपटीकडे जाता येतं. साइटवरचा बोल्टने जोडलेला अँगल हा पेन्सिलींच्या जातीचा असतो, शिकंजाच्या नाही.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. दोन्ही टोकं फिक्स्ड असलेल्या कॉलमचा भारही पिन्डच्या चारपटच येतो. आकडा सारखा म्हणून दोन्ही एकच समजू नका. तिथे मध्यावर सरक सर्वाधिक असते आणि उतार शून्य, इथे नेमकं उलटं. इफेक्टिव्ह लेंग्थच्या K चे तक्ते पाठ करून घेणाऱ्या क्लासेसवर माझा राग आहे तो यासाठीच. आकडा लक्षात राहतो आणि आकार विसरला जातो.

आता खरा सेक्शन घेऊ. आयएसएमबी 200, उंची 5 मीटर, दोन्ही दिशांना टोकं पिन्ड. कमजोर अक्षाचा I आहे 150 सेमी⁴, मजबूत अक्षाचा 2235 सेमी⁴. E 2 लाख न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर कमजोर अक्षावर बकलिंग लोड 118 किलोन्यूटन येतो आणि मजबूत अक्षावर 1765. ब्रेस नसताना कॉलम 118 लाच जाणार. मध्यावर ब्रेस लावला की कमजोर अक्षाचा भार 474 होतो. मजबूत अक्षाचा 1765 तसाच राहतो, म्हणजे अजूनही कमजोर अक्षच ठरवतो आणि चारपट फायदा पूर्ण पदरात पडतो.

पण ब्रेसची दिशा चुकली तर? कमजोर अक्षाभोवती वाकताना कॉलम फ्लँजच्या दिशेने सरकतो, त्यामुळे ब्रेसही प्लॅनमध्ये फ्लँजला समांतर हवा. तो वेबच्या दिशेने लावला तर 1765 चे सात हजार होतात आणि 118 चे 118 च राहतात. पोलाद खर्च झालं, मजुरी झाली, फायदा शून्य. ड्रॉइंगवर एलेव्हेशनमध्ये ब्रेस दिसला म्हणून खूश होऊ नका, प्लॅन उघडून कॉलमचा आय कुठल्या बाजूला वळलाय ते बघा.

यातली चारपट ऑयलरची आहे, सरळ आणि यील्ड न होणाऱ्या आदर्श कॉलमची. आयएस 800:2007 च्या वक्राने हाच सेक्शन तपासला, बकलिंग क्लास बी आणि 250 ग्रेड धरून, तर डिझाइन क्षमता साधारण 95 किलोन्यूटनवरून 312 पर्यंत जाते. म्हणजे 3.3 पट. कॉलम जितका आखूड आणि जाड, तितकं हे गुणोत्तर आणखी खाली येतं, कारण तिथे यील्ड आधी बोलायला लागतो. म्हणून क्षमतेला सरळ चारने गुणून मोकळं होऊ नका. (तसाही ब्रेस नसलेला हा कॉलम 233 स्लेंडरनेसमुळे 180 च्या मर्यादेत बसत नाही. ब्रेसनंतर तो 116 होतो.)

वरच्या गणितात एक गोष्ट तुम्हाला खटकली असेल. एसच्या वाटेत R शून्य आला होता. ब्रेसमध्ये बलच नाही, मग काडी लावली तरी चालेल का? नाही. बल शून्य आलं ते कॉलम आदर्श सरळ धरल्यामुळे. ब्रेसला लागतो तो मुख्यतः स्टिफनेस. तो एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर कॉलम ब्रेसला सोबत घेऊनच एका कमानीत वाकतो. मर्यादा आहे 16π²EI/L³, आपल्या कॉलमसाठी 379 न्यूटन प्रति मिमी.

हा आकडा मोठा नाही, घाबरू नका. 50×50×6 चा 3 मीटर लांब अँगल लांबीच्या दिशेने काम करत असेल आणि त्याचं दुसरं टोक पक्कं असेल तर त्याचा स्टिफनेस जवळपास 37,900 येतो, गरजेच्या शंभरपट. पण तोच अँगल दोन टोकांवर आडवा टाकून कॉलम त्याच्या मध्यावर बांधला, म्हणजे अँगलने वाकून कॉलमला धरायचं, तर उरतात फक्त 46. मग कॉलमचा भार 118 वरून जेमतेम 160-165 पर्यंत चढतो. अँगल तोच, भाव तोच. “मधे एक अँगल टाक, झालं” असं सांगणारे सीनियर सगळीकडे भेटतात. त्यांना नम्रपणे विचारा की तो अँगल ताणला-दाबला जाणार आहे की वाकणार आहे.

आता बल. कॉर्नेलचे जॉर्ज विंटर यांनी 1958 मध्ये यावर सुंदर युक्ती दिली. मध्यावर बिजागरी आहे असं समजा आणि दोन ताठ दांडे धरा. कॉलम मुळातच मध्यावर 5 मिमी वाकडा आहे आणि त्यावर 280 किलोन्यूटन भार आहे. या भारासाठी आदर्श स्टिफनेस 2P/(L/2), म्हणजे 224. तेवढाच दिला तर कागदावर ब्रेसची सरक अनंत येते, म्हणून नेमका आदर्श स्टिफनेस कधीच पुरत नाही. दुप्पट, म्हणजे 448 दिला तर ब्रेस आणखी 5 मिमी सरकतो आणि त्यात 448 × 5, म्हणजे 2.24 किलोन्यूटन बल येतं. भाराच्या 0.8 टक्के. ऑफिसात 2 ते 2.5 टक्के धरायची सवय आहे. ती सुरक्षित बाजूला आहे, तिच्याशी मी भांडत नाही. फक्त बल तपासून स्टिफनेस सोडून देण्याशी भांडतो.

सॉफ्टवेअरमध्ये बकलिंग अ‍ॅनालिसिस लावणार असाल तर आधी हाच कॉलम टाकून बघा. प्रत्येक अर्ध्या भागाला एकच एलिमेंट दिला तर ब्रेस असतानाचा भार सुमारे 22 टक्के जास्त येतो, ब्रेस नसतानाचा जवळपास बरोबर, आणि गुणोत्तर 4 ऐवजी 4.8 दिसतं. अर्ध्या भागाचे चार तुकडे केले की ते चारवर येतं. गुणोत्तर आठच्या आसपास आलं तर मध्यावरच्या सपोर्टला रोटेशनही लॉक झालंय का ते आधी बघा.

शेवटचं, आणि हे पुस्तकात सहसा शेवटच्या कोपऱ्यात असतं. शेजारी शेजारी दोन सारखे कॉलम, दोन्हींवर सारखा भार, आणि मध्यावर त्यांना जोडणारा एक दांडा. दोघांनाही ब्रेस मिळाला असं वाटतं. प्रत्यक्षात दोघे एकाच बाजूला, एकाच कमानीत, दांड्यासकट वाकतात आणि दोघांचाही भार 118 च राहतो. तो दांडा कुठेतरी कर्णाच्या ब्रेसिंगला, भिंतीला किंवा न हलणाऱ्या फ्रेमला जाऊन पोचला पाहिजे. शेडमध्ये अशा दांड्यांची रांग असेल तर ड्रॉइंगवर बोट ठेवून शेवटच्या ब्रेस्ड बेपर्यंत जा. वाटेत एखादा दांडा गाळलेला असेल, दारासाठी किंवा क्रेनसाठी, तर त्याच्या अलीकडचे सगळे कॉलम ब्रेस नसलेले धरून पुन्हा तपासा.