f''(x) = 0 आलं, पण वाटी उलटली का?

बारावीच्या पेपरात हे उत्तर हमखास दिसतं: दुसरा डेरिव्हेटिव्ह काढला, शून्याशी मांडला, x ची किंमत आली आणि खाली लिहून टाकलं, 'हा इन्फ्लेक्शन पॉइंट'. पुष्कळदा ते बरोबरही निघतं, म्हणून तर ही सवय सुटत नाही. जिथे ते चुकतं असं एक उदाहरण इथे शेवटपर्यंत सोडवू.

इन्फ्लेक्शन पॉइंट म्हणजे काय, ते आधी पक्कं करू. ग्राफ कुठे सुलट्या वाटीसारखा असतो (f'' धन), कुठे उपड्या वाटीसारखा (f'' ऋण). ज्या बिंदूवर वाटी उलटते तो इन्फ्लेक्शन पॉइंट. व्याख्येत f'' शून्य असण्याचा उल्लेखच नाही, अट आहे ती चिन्ह बदलण्याची. f'' सलग असेल तर धनातून ऋणात जाताना तो शून्यातून जातोच, म्हणून आपण शून्यं शोधतो. पण शून्याला शिवून आल्या बाजूला परत फिरायलाही त्याला कुणाची आडकाठी नाही.

उदाहरण घेऊ:

```
f(x)   = x^5 − 5x^4
f'(x)  = 5x^4 − 20x^3
f''(x) = 20x^3 − 60x^2
```

पायरी १: अवयव पाडा. f''(x) = 20x²(x − 3). म्हणजे f'' शून्य होतो x = 0 आणि x = 3 ला. हे दोघे फक्त उमेदवार आहेत, निवडून आलेले नाहीत.

पायरी २: दोन्ही बाजूंची चिन्हं बघा. दोन शून्यांमुळे संख्यारेषेचे तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातून एकेक किंमत घ्या:

f''(−1) = 20 · 1 · (−4) = −80
f''(1) = 20 · 1 · (−2) = −40
f''(4) = 20 · 16 · 1 = 320

शून्याच्या डावीकडे ऋण, उजवीकडेही ऋण. वाटी उपडी होती, उपडीच राहिली. म्हणजे f''(0) = 0 असूनही x = 0 हा इन्फ्लेक्शन पॉइंट नाही. 3 पाशी मात्र ऋणाचं धन झालं, आणि f(3) = 243 − 405 = −162. तेव्हा इन्फ्लेक्शन पॉइंट एकच: (3, −162).

इथेच एक खड्डा आहे. 0 ची तपासणी करताना कुणी डावीकडून −1 आणि उजवीकडून 4 घेतला, तर −80 आणि 320 मिळतात आणि चिन्ह बदलल्यासारखं वाटतं. बदल खराच आहे, पण तो 3 ने केलेला. नाव मात्र शून्याचं लागतं. तपासणीची किंमत पुढच्या शून्याच्या अलीकडचीच हवी.

पायरी ३: स्पर्शिकेने खात्री करा. परीक्षेत ही पायरी कुणी मागत नाही, पण मला हीच सगळ्यात पटते. x = 0 ला स्पर्शिका y = 0, म्हणजे X-अक्षच. f(−1) = −6, f(1) = −4: ग्राफ दोन्हीकडे स्पर्शिकेखालीच. x = 3 ला उतार −135, स्पर्शिका y = −135x + 243. x = 2 ला ती −27 वर असते आणि ग्राफ −48 वर, म्हणजे खाली. x = 4 ला ती −297 वर आणि ग्राफ −256 वर, म्हणजे वर. ग्राफ स्पर्शिकेला ओलांडून पलीकडे गेला.

असं का होतं, ते f' कडे बघितलं की कळतं. −1, 0, 1 ला उतार अनुक्रमे 25, 0, −15 आहे. तो सारखा घटतोच आहे. शून्यापाशी घटण्याचा वेग क्षणभर थांबतो, दिशा बदलत नाही. 3 ला मात्र उतार −135 पर्यंत तळाला जाऊन परत वाढू लागतो. गंमत म्हणजे x = 0 ला उतार धनाचा ऋण होतो, म्हणून तिथे ग्राफची स्थानिक कमाल किंमत आहे. पण f''(0) शून्य असल्यामुळे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची कसोटी तिथे काहीच सांगू शकत नाही.

बहुपदी असेल तर अवयवांकडे बघूनच निकाल लागतो: f'' मध्ये (x − a) चा घात सम असेल तर a पाशी चिन्ह तसंच राहतं, विषम असेल तर बदलतं. आपल्याकडे x चा घात 2 आणि (x − 3) चा 1.

उलट बाजूही विसरू नका. f'' जिथे अस्तित्वातच नाही तेही बिंदू उमेदवारांत घ्यायचे. y = ∛x चा दुसरा डेरिव्हेटिव्ह x = 0 ला मिळत नाही, शून्य येणं तर दूरच; तरी डावीकडे सुलटी वाटी, उजवीकडे उपडी, आणि (0, 0) हा खरा इन्फ्लेक्शन पॉइंट.