बंगल्याचं काम सुरू असताना विमा कसा काढायचा आणि मालकाच्या पॉलिसीत काय बसत नाही

धायरीत आमच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम सुरू होतं, तेव्हा माझ्या फायलीत घरविम्याची पॉलिसी होती. गृहकर्जाच्या कागदांबरोबर बँकेत सही केली होती आणि हप्ताही भरला होता. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर शेजारच्या काकांची कंपाउंड वॉल आमच्या खड्ड्यात आडवी झाली. तेव्हा ती पॉलिसी मी पहिल्यांदा वाचली.

तुम्ही ती आधी वाचा. बँकेतून मिळणारी पॉलिसी बहुतेक वेळा ‘भारत गृह रक्षा’ असते. एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ही ठरलेली घरविमा पॉलिसी देतात. आग, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन असे धोके तिच्यात आहेत आणि पॉलिसी चांगलीच आहे. मात्र तिच्या लेखी घर म्हणजे भिंती आणि छत असलेली, राहण्यासाठी वापरात असलेली इमारत. माझ्याकडे तेव्हा सहा फुटी खड्डे होते आणि फूटिंगच्या जाळ्या बांधून पडल्या होत्या. पॉलिसीत असं घर असेल तर बँकेला किंवा विमा कंपनीला लेखी विचारा: ‘बांधकाम पूर्ण होईपर्यंत ही पॉलिसी लागू आहे का?’ उत्तरही लेखीच घ्या. तोंडी ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ हे मीही ऐकलं होतं.

बांधकामासाठी वेगळी पॉलिसी मागा

तिचं नाव ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’, एजंट तिला नुसतं ‘सीएआर’ म्हणतात. तिचे दोन भाग असतात. पहिला भाग उभ्या राहत असलेल्या कामाच्या आणि साइटवरच्या साहित्याच्या नुकसानीचा, दुसरा तिऱ्हाइताला झालेल्या इजेचा किंवा नुकसानीचा. नाव कॉन्ट्रॅक्टरचं असलं तरी ती मालकालाही काढता येते. सगळ्यात बरं म्हणजे विमाधारक म्हणून दोघांचीही नावं टाकावीत. फक्त कॉन्ट्रॅक्टरचं नाव असेल तर दाव्याचा चेक त्याच्या खात्यात जातो आणि तुम्ही त्याच्या मागे फिरत बसता.

खरी गोची विम्याच्या रकमेत होते. आपल्याकडे पुष्कळ बंगले लेबर रेटवर बांधतात, म्हणजे सिमेंट, सळई, वीट, वाळू मालकाची आणि मजुरी कॉन्ट्रॅक्टरची. कॉन्ट्रॅक्टर आपल्या कराराच्या आकड्यावर विमा काढतो. समजा मजुरी 15 लाख आहे, तुमचं साहित्य 45 लाखांचं आहे, म्हणजे पूर्ण झालेलं काम 60 लाखांचं. पॉलिसीला हवी असते ती पूर्ण झालेल्या कामाची किंमत, मालकाने दिलेल्या साहित्यासकट. विमा 15 लाखांचाच असेल तर तो गरजेच्या चौथाईवर आला. मग पुरात 4 लाखांचं नुकसान झालं, तर दावाही चौथाईच धरला जातो, म्हणजे 1 लाख. त्यातून सुरुवातीची ठरलेली रक्कम, जिला एक्सेस म्हणतात, कापली जाते. ती समजा 50 हजार असेल, तर हातात 50 हजार येतात. पूर, वादळ आणि बांधकाम कोसळणं यांसाठी एक्सेस साधारणपणे जास्त असतो, म्हणून प्रीमियम स्वस्त दिसला की आधी त्या रकान्याकडे बघा.

त्यामुळे आर्किटेक्टकडून पूर्ण कामाचं एस्टिमेट सहीनिशी घ्या आणि विम्याची रक्कम त्यावरून ठरवा. मध्येच मजला वाढला किंवा सळईचे भाव चढले तर कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्या. मलबा उचलण्याचा खर्चही वेगळा लिहून घ्या, नाहीतर पडलेला स्लॅब फोडून हलवायचं बिल तुमच्याच माथी बसू शकतं.

शेजाऱ्याची भिंत

तिऱ्हाइताच्या भागात काकांची भिंत येईल असं मी धरून चाललो होतो. ती आली नाही. साध्या सीएआरमध्ये खोदकामामुळे आधार निघून गेल्याने किंवा हादऱ्याने झालेलं शेजारचं नुकसान वगळलेलं असतं. त्यासाठी मूळ पॉलिसीला जोडलेली वाढीव कलमाची वेगळी एंडॉर्समेंट घ्यावी लागते आणि वरचा प्रीमियम भरावा लागतो. तिच्यातही अटी असतात: शेजारची भिंत आधी ठीक असली पाहिजे, आधार देण्याची काळजी घेतलेली असली पाहिजे आणि ती पूर्ण किंवा अंशतः कोसळलेली असली पाहिजे. नुसत्या वरवरच्या भेगांना पैसे मिळत नाहीत.

म्हणून जेसीबी यायच्या आदल्या दिवशी तारखेसकट फोटो काढा: कंपाउंड, शेजारची भिंत, तिच्यात आधीपासून असलेल्या भेगा. शेजारी तयार असतील तर आर्किटेक्टकडून एक पानी पाहणी करून दोघांच्या सह्या घ्या. मी हे केलं नव्हतं. काकांची भिंत जुनी होती हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर कुठेच नव्हतं. नवी भिंत अखेर मी बांधून दिली आणि काका अजून चहाला बोलावतात, एवढंच नशीब.

भिंत पडणं किती गंभीर असू शकतं, हे पुण्याने जून 2019 मध्ये कोंढव्यात पाहिलं. सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या साइटवर काम करणारे मजूर सीएआरच्या दुसऱ्या भागात तिऱ्हाईत धरले जात नाहीत. त्यांच्यासाठी कॉन्ट्रॅक्टरने कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी काढलेली असावी लागते. तिची प्रत मागा, तिच्यातली मजुरांची संख्या साइटवर रोज दिसणाऱ्या माणसांशी जुळते का बघा आणि मगच काम सुरू करू द्या.

कुठले पैसे येत नाहीत

सेंटरिंगचा एक टेकू कच्चा निघाला, ओतकामाच्या दिवशी स्लॅबचा एक भाग खाली आला आणि खालची नीट बांधलेली वीटभिंत फुटली असं समजा. भिंतीचे पैसे मिळू शकतात, कारण ती चांगली होती आणि दुसऱ्याच्या चुकीने गेली. पण मुळात जे काम खराब होतं ते नव्याने करण्याचा खर्च पॉलिसी देत नाही. तो कॉन्ट्रॅक्टरने सोसायचा, आणि हे करारात स्पष्ट लिहिलेलं असावं. चूक डिझाइनची असेल तर अडचण जास्त, कारण सदोष डिझाइन बहुतेक पॉलिसींतून वगळलेलंच असतं. म्हणून दुर्घटनेनंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर यायच्या आधी काहीही हलवू नका. टेकू, जाळी, सळई जशी पडली तशी राहू द्या आणि काय कशामुळे गेलं हे त्याला स्वतः बघू द्या.

चोरीचंही असंच. कुलूप तोडून वायर नेली, तर पोलिसांत तक्रार देऊन दावा करता येतो. पण महिनाअखेर गोणी मोजताना वीस कमी भरल्या आणि कधी गेल्या ते कोणालाच माहीत नाही, असं नुकसान वगळलेलं असतं. साइटवर आवक-जावकीची वही ठेवा, वॉचमनची सही रोजची घ्या.

काम थांबलं तरी कंपनीला कळवा. बँकेचा हप्ता अडकला किंवा पावसाळ्यात गडी गावी गेले आणि साइट दोन महिने पडून राहिली, तर काम बंद राहिल्यामुळे झालेल्या नुकसानीला संरक्षण नसतं.

ताबा घेताना

भोगवटा पत्र आलं, सामान हलवलं आणि राहायला गेलात, की वापरात आलेल्या भागावरचं सीएआरचं मुख्य संरक्षण संपतं, पॉलिसीची तारीख पुढची असली तरी. घरविमा त्याच दिवसापासून सुरू हवा. बँकेच्या पॉलिसीची सुरुवात वेगळी असेल तर ताब्याच्या आठवडाभर आधी तारीख बदलून घ्या किंवा नवी काढा. मी ती गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी काढली, कारण गणपती नव्या घरात बसवायचे होते आणि कॉन्ट्रॅक्टरची शिडी अजून जिन्यातच उभी होती.