टँकरचं बिल मीटरवर वाटण्याआधीची तयारी

फ्लॅटच्या मीटरांची बेरीज आणि टँकरने ओतलेले लिटर हे दोन आकडे जुळत नाहीत. ही तफावत कोणाच्या माथी टाकायची, हे पहिलं बिल निघण्याआधी सभेत ठरवून ठराव लिहून घ्या. बिल हातात आल्यावर हा विषय निघाला, तर ज्याचं बिल जास्त त्याला नियम चुकीचा वाटतो आणि ज्याचं कमी त्याला तो बरोबर वाटतो.

आधी मीटरांची यादी करा. बऱ्याच इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडासाला वेगवेगळे पाइप उतरतात, त्यामुळे एका फ्लॅटचे दोन-तीन मीटर असू शकतात. एक जरी यादीतून सुटला, तर त्या घराचं पाणी बाकीचे भरतात. प्रत्येक मीटरचा क्रमांक, फ्लॅट आणि सुरुवातीचं रीडिंग फोटोसह नोंदवा. काळे आकडे म्हणजे युनिट, आणि एक युनिट म्हणजे १,००० लिटर. लाल आकडे लिटरचे असतात. रीडिंग घेणाऱ्याने काळ्या-लाल आकड्यांची एकच संख्या करून लिहिली, तर ९ युनिटचे ९,००० होतात, म्हणून बिलाच्या वहीत फक्त काळे आकडे लिहायचे असा नियमच करा. शंका असलेल्या मीटरवर २० लिटरच्या पाच बादल्या भरून पाहा: लाल आकडा शंभराच्या आसपास पुढे सरकायला हवा. सगळे नळ बंद असताना डायलवरची छोटी चकती फिरत असेल, तर त्या घरात गळती आहे. जिना धुणं, बाग आणि वॉचमनच्या नळालाही एक मीटर बसवून घ्या.

आता टँकर. पावतीवर १०,००० लिटर लिहिलेलं असलं, तरी तेवढं पाणी आलं का ते टाकीच सांगते. जमिनीखालची टाकी आतून ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असेल, तर १०,००० लिटरने पातळी ५० सेंटीमीटर वाढायला हवी. पंप आणि टाकीत येणारं इतर पाणी बंद ठेवून, टँकर रिकामा होण्याआधी आणि नंतर पट्टीने मोजा. ४५ सेंटीमीटरच वाढली, तर ९,००० लिटर आलं. हे मोजमाप न करता फ्लॅटच्या मीटरांवर संशय घेणं मला अन्यायाचं वाटतं. महिन्याची पहिली आणि शेवटची पातळी सगळ्या टाक्यांची घ्या, आणि सगळ्या मीटरांचं रीडिंग त्याच दिवशी, शक्यतो एकाच तासात उरका.

एक महिना मांडून पाहू. सोसायटीत २० फ्लॅट. २९ टँकर, प्रत्येकी १०,००० लिटर, दर १,२०० रुपये, म्हणजे बिल ३४,८०० रुपये. टाकीतला साठा महिन्याभरात १०,००० लिटरने घटला, म्हणून वापर २९० नव्हे, ३०० युनिट. एका युनिटला ११६ रुपये पडले. फ्लॅटच्या मीटरांची बेरीज २६०, सामायिक मीटर १४. उरलेले २६ युनिट कुठल्याच मीटरवर नाहीत.

सामायिक १४ युनिट सगळ्यांचे, तेव्हा १,६२४ रुपये समान वाटले: प्रत्येकी ८१ रुपये २० पैसे. ते २६ युनिट मात्र मी वापराच्या प्रमाणात टाकीन, कारण थेंब-थेंब गळणारा नळ किंवा फ्लशची बारीक धार मीटर नीट मोजत नाही, आणि असं पाणी वापरत्या घरांतच जातं. म्हणून २८६ युनिटचे ३३,१७६ रुपये २६० युनिटवर वाटले, तेव्हा दर १२७ रुपये ६० पैसे झाला. पंपाची वीज, टाकीची सफाई आणि मीटरची देखभाल धरून ४,००० रुपये स्थिर आकार, प्रत्येकी २००. ९ युनिट वापरणाऱ्या घराला १,१४८.४० अधिक ८१.२० अधिक २००, असे १,४२९ रुपये ६० पैसे. बंद फ्लॅटलाही २८१ रुपये २० पैसे येतात, आणि वाद तिथेच होतो. म्हणून स्थिर आकार व सामायिक पाणी रिकाम्या घरालाही लागू, हे ठरावात स्पष्ट शब्दांत असू द्या.

बंद पडलेल्या मीटरसाठी मागच्या तीन महिन्यांची सरासरी धरा, पण ती दोन बिलांपुरतीच. तोवर मीटर बदलला नाही तर सरासरीवर जादा आकार लावा. नाहीतर जास्त पाणी वापरणाऱ्याला मीटर बंद राहणंच परवडतं.

दर महिन्याला बेहिशेबी पाण्याचा आकडा बिलासोबत सूचनाफलकावर लावा. इथे तो ३०० मध्ये २६, म्हणजे ९ टक्क्यांच्या जवळ. तो अचानक १५ वर गेला, तर आधी टँकरची पट्टी तपासा, मग रात्री पंप व वरच्या टाकीचे व्हॉल्व्ह बंद करून खालच्या टाकीची पातळी सकाळी पुन्हा मोजा. ती उतरली असेल, तर पाणी टाकीच्या भिंतीतून किंवा तळातून जातंय.